येस्टरडे, सो फार, बाय नेक्स्ट मंथ: कुठल्या शब्दाला कुठला काळ?

प्रश्न: टीचर, मी कुंडईला एका कारखान्यात डिस्पॅचमध्ये आहे. शाळा मराठी माध्यमाची. दर आठवड्याला बाहेरच्या ग्राहकाला इंग्रजीत मेल करावा लागतो. येस्टरडे, लास्ट वीक, सो फार, बाय नेक्स्ट मंथ असे शब्द आले की हॅव लावू, हॅड लावू की नुसता भूतकाळ, हेच कळत नाही. एकदा नीट वर्गवारी करून सांगाल का? हा माझा शेवटचा मेल, साहेब म्हणाले "टेन्स बघ":
"वी हॅव रिसिव्ह्ड युअर ऑर्डर फॉर 400 बॉक्सेस लास्ट मंथ. वी हॅड डिस्पॅच्ड 40 बॉक्सेस येस्टरडे. सो फार वी डिस्पॅच्ड 160 बॉक्सेस. वन मशीन इज नॉट वर्किंग सिन्स थ्री डेज. वी विल सेंड द बॅलन्स टिल टेन्थ ऑफ नेक्स्ट मंथ."

उत्तर:

तुमच्या पाचही वाक्यांत काहीतरी सुधारायला हवं आहे. पण ही वाक्यं मनात मराठीत फिरवून बघा, एकही चुकीचं वाटणार नाही. तुम्ही लिहिलंय ते मराठी म्हणून अगदी सरळ आहे, आणि अडचण तिथेच आहे.

मराठीत "काल" या शब्दाबरोबर क्रियापदाचं कुठलंही रूप चालतं. "काल चाळीस खोकी पाठवली" हे नुसतं सांगणं झालं. "काल चाळीस खोकी पाठवली होती" म्हटलं की थोडी आठवण करून दिल्यासारखं होतं, पुढे काहीतरी येणार असंही वाटतं. "काल चाळीस खोकी पाठवली आहेत" म्हणजे काम झालंय, निश्चिंत राहा. तिन्ही वाक्यं आपण फोनवर दिवसभर बोलतो. इंग्रजीत येस्टरडे हा शब्द असं मोकळं सोडत नाही. त्याच्याबरोबर पहिलंच रूप घ्यायचं. दुसरं एका ठरावीक अटीवर येतं आणि तिसरं, म्हणजे हॅव लावलेलं, येतच नाही. म्हणून इंग्रजीत काळ ठरवताना क्रियापदाकडे बघत बसू नका. वाक्यात वेळेचा शब्द कुठला आहे ते आधी बघा, क्रियापद त्याच्या मागून येतं.

वर्गवारीसाठी शब्दांची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: या शब्दाने सांगितलेला वेळ संपून गेला आहे, की अजून चालू आहे? दुकानदाराच्या वहीत काही खाती चुकती होऊन बंद झालेली असतात आणि काही आज सकाळपर्यंतच्या नोंदींसह चालू असतात, तसं. येस्टरडे हे बंद खातं. सो फार हे चालू खातं. बाय नेक्स्ट मंथ म्हणजे पुढची एक तारीख ठरवून "त्या दिवशी हिशेब काय दिसेल" असं विचारणं.

बंद खात्यांपासून सुरुवात करू, कारण ती सोपी आहेत. येस्टरडे, लास्ट वीक, लास्ट मंथ, ऑन मंडे, इन 1987, आणि ज्याच्या शेवटी अगो येतं ते सगळं, जसं टू डेज अगो. इथे साधा भूतकाळ, म्हणजे सिंपल पास्ट. "गोवा बिकेम अ स्टेट इन 1987." "द व्हेइकल लेफ्ट टू डेज अगो." (आपल्याकडे ऑफिसात "टू डेज बॅक" सर्रास लिहितात. भारतात ते कळतं, पण बाहेरच्या ग्राहकाला अगोच लिहा.) प्रश्नात व्हेन आलं तरी नियम हाच, कारण "कधी" विचारणारा माणूस एका ठरावीक, होऊन गेलेल्या क्षणाबद्दल विचारत असतो. "व्हेन हॅव यू सेंट द बॉक्सेस?" नाही, "व्हेन डिड यू सेंड द बॉक्सेस?" म्हणजे तुमचं पहिलं वाक्य "वी रिसिव्ह्ड युअर ऑर्डर लास्ट मंथ" असं होईल. तुम्ही हॅव का लावलंत तेही उघड आहे. "तुमची ऑर्डर मिळाली आहे" यातला "आहे" मनात होता. ऑर्डर मिळाली आहे एवढंच सांगायचं असेल तर "वी हॅव रिसिव्ह्ड युअर ऑर्डर" हे वाक्य उत्तम आहे. त्याला लास्ट मंथ जोडलंत की मात्र हॅव काढावं लागतं.

आता हॅड. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार मंडळींच्या लिहिण्यात सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच आहे आणि ती पेडण्यापासून काणकोणापर्यंत सारखीच आहे. "मी काल मेल केला होता" म्हणून "आय हॅड सेंट द मेल येस्टरडे". "मी त्यांना सोमवारी भेटले होते" म्हणून "आय हॅड मेट हिम ऑन मंडे". मराठीतला "होता" दिसला की हात आपोआप हॅड टाइप करतो. इंग्रजीत हॅड येण्यासाठी भूतकाळात दोन गोष्टी लागतात, आणि हॅड लागतो तो आधी घडलेल्या गोष्टीला. "बाय द टाइम गोवा बिकेम अ स्टेट, द ओपिनियन पोल हॅड टेकन प्लेस." घटक राज्य झालं 30 मे 1987 ला, जनमत कौल झाला 16 जानेवारी 1967 ला. दोन्ही गोष्टी जुन्या, त्यातली जास्त जुनी हॅडवाली. नुसतं "द ओपिनियन पोल टुक प्लेस इन 1967" म्हणायचं असेल तर हॅडचं तिथे काहीच काम नाही, गोष्ट कितीही जुनी असो. किती वर्षं झाली यावर हॅड ठरत नाही.

तुमच्या दुसऱ्या वाक्यात हा घोटाळा वाचणाऱ्याला खरोखर जाणवतो. "वी हॅड डिस्पॅच्ड 40 बॉक्सेस येस्टरडे" वाचून ग्राहक पुढच्या वाक्याची वाट बघतो. पाठवली होती, मग? परत आली? ट्रक अडला? रद्द केली? पुढे काहीच येत नाही, तेव्हा तो गोंधळतो. "वी डिस्पॅच्ड 40 बॉक्सेस येस्टरडे" लिहिलंत की तो निश्चिंत. स्वतःलाच तपासायचं असेल तर हॅड लिहिल्यावर विचारा, "कशाच्या आधी?" त्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात सापडलं नाही, तर हॅड खोडा.

चालू खात्यांकडे वळू. सो फार, अप टू नाऊ, अंटिल नाऊ, यट, लेटली. यांचा वेळ मागे कधीतरी सुरू होऊन आत्ताच्या क्षणाला टेकतो, म्हणून हॅव किंवा हॅज, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट. आपल्या ऑफिसांतला लाडका "टिल डेट" याच घरातला. बाहेर त्याला "टू डेट" म्हणतात, पण काळ तोच. "सो फार वी हॅव डिस्पॅच्ड 160 बॉक्सेस." समजा गेल्या आठवड्यात 120 गेली आणि काल 40. तर 120 ला डिस्पॅच्ड, 40 ला डिस्पॅच्ड आणि बेरजेला हॅव डिस्पॅच्ड. प्रत्येक खेप ज्या त्या दिवशी संपली, पण बेरीज अजून वाढते आहे. हे एकदा डोक्यात बसलं की सो फारला कधी अडखळायला होत नाही. एक सूट आहे. मोजणी नसेल आणि नुसती स्थिती सांगायची असेल तर "सो फार एव्हरीथिंग इज फाइन" हे बरोबर आहे, तिथे ओढूनताणून हॅव आणू नका.

याच घरात सिन्स राहतो आणि तो आपल्याला सगळ्यांत जास्त छळतो. मराठीत "तीन दिवसांपासून" आणि "सोमवारपासून" या दोन्हींना "पासून" लागतं. इंग्रजीत सिन्सच्या पुढे फक्त सुरुवातीचा क्षण येतो: सिन्स मंडे, सिन्स 1987, सिन्स आय जॉइन्ड. किती वेळ ते सांगायला फॉर लागतो: फॉर थ्री डेज. शिवाय मराठीत "मशीन तीन दिवसांपासून बंद आहे" असा चक्क वर्तमानकाळ चालतो, म्हणून आपण "इज नॉट वर्किंग" लिहितो. इंग्रजी मागची सुरुवातही क्रियापदात मागते. म्हणून "वन मशीन हॅज बीन डाऊन फॉर थ्री डेज" किंवा "हॅज बीन डाऊन सिन्स मंडे". नोकरीच्या मुलाखतीतलं "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स" हे याच चुकीचं भावंड. बरोबर वाक्य आहे "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स". आणि राज्याचंच उदाहरण पुढे न्यायचं तर "गोवा बिकेम अ स्टेट इन 1987" पण "गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987". साल एकच, पण इन म्हटलं की घटना झाली आणि संपली. सिन्स म्हटलं की ती स्थिती आजही चालू आहे.

फॉरबद्दल एक गोष्ट बहुतेक याद्यांत सांगत नाहीत. सिन्स जसा काळ बांधून घेतो, तसा फॉर घेत नाही. आमच्याकडे घराघरांत कोणीतरी तारवटी असतो, म्हणून हेच उदाहरण घेते. "माय अंकल हॅज वर्क्ड ऑन अ शिप फॉर टेन इयर्स" म्हटलं तर काका अजून बोटीवर आहेत. "माय अंकल वर्क्ड ऑन अ शिप फॉर टेन इयर्स" म्हटलं तर काका परतलेत, आता घरी बसून पेन्शन मोजतायत. दोन्ही वाक्यं व्याकरणाने चोख आहेत, फक्त माणूस वेगवेगळ्या जागी आहे. त्यामुळे "फॉर दिसला की हॅव" असं कोणी शिकवलं असेल तर ते विसरा. ग्राहकाबद्दल लिहितानाही हे सांभाळा. "वी वर्क्ड विथ देम फॉर फाइव्ह इयर्स" वाचून समोरचा समजेल की आता त्यांच्याशी व्यवहार बंद झाला.

काही शब्द मात्र दोन घरांच्या उंबरठ्यावर बसतात आणि तिथे खरा विचार करावा लागतो. लास्ट वीक आणि इन द लास्ट वीक बघा. लास्ट वीक म्हणजे कॅलेंडरवरचा मागचा, संपलेला आठवडा, म्हणून साधा भूतकाळ. इन द लास्ट वीक किंवा ओव्हर द लास्ट वीक म्हणजे आजपासून मागे मोजलेले सात दिवस, आणि ते आजला चिकटलेले आहेत, म्हणून हॅव. "वी डिस्पॅच्ड 120 बॉक्सेस लास्ट वीक", पण "वी हॅव डिस्पॅच्ड 160 बॉक्सेस इन द लास्ट वीक". बुधवारच्या मेलमध्ये पहिल्याचा अर्थ मागचा सोमवार ते रविवार, दुसऱ्याचा अर्थ मागच्या बुधवारपासून आत्तापर्यंत. रिपोर्टमध्ये आकडे जुळत नाहीत असं ग्राहक म्हणतो, तेव्हा कधी कधी घोळ खोक्यांत नसतो, या एका "इन द" मध्ये असतो. टुडे, धिस वीक, धिस मॉर्निंग यांचंही घड्याळ बघूनच ठरतं. सकाळी साडेदहाला "वी हॅव पॅक्ड 20 बॉक्सेस धिस मॉर्निंग" म्हणा, कारण सकाळ चालू आहे. तेच दुपारी चारला लिहिताना "वी पॅक्ड 20 बॉक्सेस धिस मॉर्निंग", कारण सकाळ केव्हाच संपली. शब्द बदलला नाही, फक्त घड्याळ पुढे गेलं.

बाय नेक्स्ट मंथबद्दल तुम्ही विचारलंत, पण मेलमध्ये बाय लिहिलंच नाहीत, टिल लिहिलंत. पाचव्या वाक्यातली ही चूक व्याकरणाची कमी आणि धंद्याची जास्त आहे. आपला "पर्यंत" दोन कामं करतो. "दहा तारखेपर्यंत माल पाठवतो" म्हणजे दहा किंवा त्याआधी काम पुरं. "ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं" म्हणजे पाच वाजेस्तोवर सतत. इंग्रजीत पहिल्याला बाय आणि दुसऱ्याला टिल. "वी विल सेंड द बॅलन्स टिल टेन्थ" याचा अर्थ दहा तारखेपर्यंत आम्ही पाठवत राहू असा निघतो. सगळं पोचेल की नाही याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ग्राहकाला हवी होती मुदत, तुम्ही दिलीत चालू राहण्याची हमी.

बाय बरोबर काळ कुठला? परीक्षेच्या गाइडात "बाय नेक्स्ट मंथ म्हणजे फ्युचर परफेक्ट, विल हॅव" एवढंच असतं. तेवढ्यावर विसंबून वाक्यं केलीत तर ती उगीच जड होतात. "आय विल सेंड द इन्व्हॉइस बाय मंडे" हे पूर्णपणे बरोबर आहे. एखादं काम मुदतीत करायचं वचन द्यायचं असेल तर नुसतं विल पुरतं. "द मशीन विल बी रेडी बाय मंडे" यातही विल हॅव नको, कारण रेडी असणं ही स्थिती आहे. विल हॅव खरं लागतं ते साठत गेलेल्या गोष्टीला, त्या तारखेला हिशेब किती दिसेल हे सांगताना. "बाय द टेन्थ ऑफ नेक्स्ट मंथ, वी विल हॅव डिस्पॅच्ड ऑल 400 बॉक्सेस." "बाय नेक्स्ट मार्च, आय विल हॅव कम्प्लीटेड फाइव्ह इयर्स हिअर." त्या दिवशी उभं राहून मागे वळून बघितलं तर काय पुरं झालेलं असेल, असा तो काळ आहे. बाय हा शब्द भविष्याचाच असतो असंही नाही, तारीख जिथे असेल तिथे तो जातो. तारीख मागची असेल तर "बाय लास्ट फ्रायडे वी हॅड डिस्पॅच्ड 120 बॉक्सेस", आणि इथे हॅड हक्काने येतो, कारण "कशाच्या आधी?" या प्रश्नाला शुक्रवार हे उत्तर समोरच आहे. बाय नाऊ असेल तर वेळ आजला टेकतो, म्हणून हॅव.

आता तुमचा मेल असा होईल:

"वी रिसिव्ह्ड युअर ऑर्डर फॉर 400 बॉक्सेस लास्ट मंथ. वी डिस्पॅच्ड 120 बॉक्सेस लास्ट वीक अँड 40 मोर येस्टरडे. सो फार वी हॅव डिस्पॅच्ड 160 बॉक्सेस. वन मशीन हॅज बीन डाऊन फॉर थ्री डेज. वी विल सेंड द बॅलन्स 240 बॉक्सेस बाय द टेन्थ ऑफ नेक्स्ट मंथ."

लास्ट वीकची 120 मी समजून घातली आहेत, तुमच्या रजिस्टरमधला खरा आकडा घाला. शेवटच्या वाक्यात मुद्दाम विल हॅव टाळलंय. ग्राहकाला तारीख हवी आहे, आणि "वी विल सेंड" हे थेट वचन आहे. महिनाअखेरीचा सारांश साहेबांना द्यायचा असता तर मी "वी विल हॅव डिस्पॅच्ड ऑल 400" असं लिहिलं असतं. मशीनच्या वाक्याला चौथं स्थान दिलं आहे तेही ठीकच आहे, आधी काय झालं ते कळू दे, मग अडचण. फक्त मशीन दुरुस्त झालं की पुढच्या मेलमध्ये ते वाक्य लगेच बदला: "द मशीन वॉज डाऊन फॉर थ्री डेज." हॅज बीन तसंच ठेवलंत तर ग्राहक समजेल की ते अजून बंद आहे.

राहिले जस्ट, ऑलरेडी आणि रीसेंटली. आपल्या शाळांतलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, म्हणून आपण "वी हॅव ऑलरेडी सेंट इट", "द ट्रक हॅज जस्ट लेफ्ट" असं शिकतो, आणि तसंच लिहीत राहा. अमेरिकन माणूस मात्र "वी ऑलरेडी सेंट इट", "द ट्रक जस्ट लेफ्ट" असं सहज म्हणतो आणि त्याच्या इंग्रजीत ते चूक नाही. रीसेंटलीला दोन्हीकडे दोन्ही रूपं चालतात. त्यामुळे तिकडून "डिड यू डिस्पॅच ऑलरेडी?" असा मेल आला तर साहेबांना "त्याचाही टेन्स बघा" म्हणू नका. "येस, वी डिस्पॅच्ड इट येस्टरडे" एवढं उत्तर द्या, आणि लक्षात घ्या, तुमच्या उत्तरात ऑलरेडी गेलं आणि येस्टरडे आलं, म्हणून हॅवही गेलं.